चित्र मोठं, जागा तेवढीच

दिवाळीच्या सुट्टीत भाचा नाशिकहून आला तो लॅपटॉप काखेत मारूनच. ‘स्कायरिम’ हा खेळ तो गेली दोन वर्षं खेळतोय. डोंगर, बर्फ, ड्रॅगन आणि दगडी गावं असलेलं हे काल्पनिक उत्तरेकडचं जग बेथेस्डा कंपनीने २०११ साली बाजारात आणलं आणि आजही जगभरातली मंडळी त्यात भर घालत असतात. भाच्याची तक्रार नेमकी होती. “मामा, व्हाइटरन गावात शिरलो की पहिल्यांदा खेळ अडखळतो आणि बाजारात सात-आठ मिनिटं फिरलो की बंदच पडतो. काही मेसेज नाही, काही नाही. सरळ डेस्कटॉप. कार्ड गेलंय बहुतेक.”

कार्ड गेलं नव्हतं. मी एवढंच विचारलं, टेक्श्चर पॅक किती टाकलेस? तो अभिमानाने म्हणाला, “सगळंच फोर-के केलंय.”

हे ‘सगळंच फोर-के’ प्रकरण अनेक घरांत घडतं. त्यात मुलं नवं कार्ड मागतात, पालक चिडतात आणि दुखणं कुठे आहे हे कुणीच पाहत नाही. भाच्याच्या लॅपटॉपवर आम्ही दोन संध्याकाळी बसलो. तिथे एकाच कारणाने झालेली दोन वेगळी दुखणी निघाली आणि शेवटी एक तिसरंही निघालं. ती कशी ओळखायची आणि टेक्श्चर मोठं केलं की आत नेमकं काय होतं, ते इथे सांगतो.

खेळातली वस्तू म्हणजे त्रिकोणांचा पोकळ सांगाडा. त्यावर उशीला अभ्रा चढवावा तसं एक सपाट चित्र चढवतात, त्याला टेक्श्चर म्हणतात. पिंप लाकडाचं वाटतं ते त्या चित्रामुळे. पिंपाच्या फळ्यांमधल्या खाचा खोल वाटतात त्या मात्र दुसऱ्या चित्रामुळे. त्याला नॉर्मल मॅप म्हणतात, आणि प्रकाश कुठल्या कोनात परतवायचा हे ते सांगतं. म्हणजे प्रत्येक पृष्ठभागामागे निदान दोन फाइली आल्या. स्कायरिममध्ये एकीचं नाव `barrel01.dds` असेल तर दुसरीचं `barrel01_n.dds`, अशी पद्धत आहे. हाय-रेझोल्यूशन पॅक टाकणं म्हणजे याच नावाच्या, पण मोठ्या मापाच्या फाइली खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवणं. सांगाडा तोच राहतो, फक्त अभ्रा बदलतो.

आता या अभ्र्याचं वजन पाहू. फोर-के टेक्श्चर म्हणजे ४०९६ बाय ४०९६ ठिपके, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख. प्रत्येक ठिपक्याचा रंग आणि पारदर्शकता मिळून ४ बाइट धरले तर एकच चित्र ६४ एमबीचं होतं. एवढं कुठल्याच कार्डाला परवडणार नाही, म्हणून ही चित्रं दाबून ठेवतात. पण ती फोटोच्या जेपीजीसारखी दाबता येत नाहीत. जेपीजी वापरायचा तर आधी तो पूर्ण उलगडावा लागतो. ग्राफिक्स कार्डाला मात्र चित्राच्या कुठल्याही कोपऱ्यातला ठिपका त्या क्षणी हवा असतो, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी रीत आहे. चार बाय चार ठिपक्यांचा चौकोन घ्यायचा आणि तो ठरावीक १६ बाइटांत बसवायचा. बीसी७ नावाची पद्धत हेच करते. म्हणजे ठिपक्यामागे १ बाइट पडतो आणि ६४ चे १६ एमबी होतात. डीडीएस फाइलीत चित्र असंच दाबलेल्या रूपात असतं आणि कार्डाच्या मेमरीतही ते याच रूपात बसतं.

त्या १६ एमबीवर आणखी एक तृतीयांश भर पडते. वस्तू दूर असेल तेव्हा एवढं मोठं चित्र वाचण्यात अर्थ नसतो आणि वाचलं तर पडद्यावर ठिपके चमचमतात. म्हणून फाइलीत मूळ चित्राबरोबर त्याच्या निम्म्या मापाची प्रत असते, मग त्याच्या निम्मी, आणि असं करत शेवटी एकाच ठिपक्यापर्यंत. या उतरंडीला मिपमॅप म्हणतात. सगळ्या मडक्यांची बेरीज मूळ चित्राच्या एक तृतीयांश होते. तेव्हा एक फोर-के टेक्श्चर साधारण २१ एमबीचं, टू-के सव्वापाच एमबीचं आणि वन-के सव्वा एमबीच्या थोडं वर. एक पायरी खाली उतरलं की वजन चौथ्या हिश्शावर येतं. उतरंडीतलं सगळ्यात खालचं, सगळ्यात मोठं मडकं एकटंच पाऊण जागा खातं, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सगळं तिच्यावरच उभं आहे.

भाच्याच्या लॅपटॉपमध्ये ४ जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड आहे. चार जीबी म्हणजे ४०९६ एमबी. पण त्या सगळ्या टेक्श्चरला मिळत नाहीत. त्यातला काही भाग विंडोज आणि उघडा ब्राउझर आधीच घेऊन बसलेले असतात. खेळाला पडद्यावरचं चित्र तयार करायला कच्ची पानं लागतात, सांगाड्यांना जागा लागते, सावल्यांना तर फारच लागते. सावलीचा नकाशा ४०९६ च्या मापाचा ठेवला तर तसा एकच नकाशा ६४ एमबी घेऊ शकतो आणि असे नकाशे एकाहून जास्त असतात. शिवाय विंडोज १० पासून प्रत्येक प्रोग्रामला व्हिडिओ मेमरीचं बजेट आखून दिलं जातं. ते कार्डावर छापलेल्या आकड्यापेक्षा कमी असतं आणि दुसरा प्रोग्राम उघडला की आणखी घटतं. आम्ही हिशेबासाठी टेक्श्चरकडे अडीच जीबी धरले.

अडीच जीबीत २१ एमबीची टेक्श्चर बसतात जेमतेम १२०. प्रत्येक पृष्ठभागाला दोन लागतात, म्हणजे ६० पृष्ठभाग झाले. मी भाच्याला म्हटलं, व्हाइटरनच्या बाजारात उभा राहा आणि मोज. भिंतीचं लाकूड, पायाचा दगड, छपराचं गवत, फरसबंदी, विहीर, दुकानांची छत्रं, कोबी, बटाटे, सफरचंदं, मांसाचे तुकडे, टोपल्या, पिंपं, पहारेकऱ्यांची चिलखतं, ढाली, माणसांचे चेहरे, हात, केस, कपडे. आम्ही साठाच्या पुढे गेलो तेव्हा अजून बाजाराचं एकच तोंड पाहून झालं होतं. टू-के असतं तर त्याच जागेत सव्वादोनशेच्या वर पृष्ठभाग बसले असते.

इथे एक गोष्ट खेळाडूच्या बाजूची आहे. बाजारात पिंपं चाळीस असली तरी पिंपाचं टेक्श्चर मेमरीत एकदाच बसतं आणि चाळीस ठिकाणी वापरलं जातं. हिशेब वस्तूंचा नसून वेगवेगळ्या चित्रांचा असतो. म्हणूनच एकाच वस्तूच्या पाच-सहा तऱ्हा देणारे, हौसेने केलेले पॅक दिसतात त्यापेक्षा जड पडतात.

कार्डात जागा संपली की काय होतं? बहुतेकांना वाटतं, खेळ बंद पडतो. तसं सहसा होत नाही. विंडोज काही टेक्श्चर कार्डाबाहेर, लॅपटॉपच्या साध्या रॅममध्ये हलवतं आणि कार्ड ती तिथून वाचतं. भाच्याच्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १२८ जीबी वेगाने वाचली जाते. रॅमकडून येणारी पीसीआय एक्सप्रेसची वाट तिसऱ्या पिढीच्या पूर्ण रुंदीची असली तरी सेकंदाला १६ जीबीच्या आतच. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वेळात त्या वाटेने अडीचशेच्या आसपास एमबी येऊ शकतात, तेही वाट पूर्ण मोकळी असेल तर. नजरेसमोरच्या गोष्टींपैकी त्याहून जास्त माल बाहेर पडला असेल तर चित्र वेळेवर तयार होत नाही. मान वळवली की खेळ अडखळतो. भाच्याचं पहिलं दुखणं हे होतं.

ते पाहायला वेगळं काही लागत नाही. विंडोजचा Task Manager उघडायचा, Performance मध्ये GPU निवडायचं आणि खाली दोन आकडे पाहायचे. Dedicated GPU memory म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी आणि Shared GPU memory म्हणजे रॅममधून उसनी घेतलेली. गावाबाहेर पहिला आकडा ३ च्या आसपास होता आणि दुसरा नगण्य. बाजारात पहिला ३.७ वर जाऊन थांबला आणि दुसरा चढत चढत २ जीबीच्या वर गेला. पहिला आकडा छताला टेकून स्थिर आणि दुसरा वाढतोय, हीच सांडल्याची खूण. दुसरा आकडा थोडासा नेहमीच असतो, त्यामुळे त्याच्या असण्याकडे नाही, त्याच्या चढण्याकडे पाहायचं.

यात अडखळण्याचा उलगडा झाला, पण खेळ बंद का पडत होता? त्यासाठी त्याच खिडकीतलं Memory हे पान उघडलं. १६ जीबी रॅमपैकी In use होते १२ च्या जवळपास. भाचा म्हणाला, “बघ, चार जीबी मोकळे आहेत.” मी त्याला त्याच्याखालचा Committed हा आकडा दाखवला. तिथे १५.४/१५.८ असं होतं. मुळात मेख इथेच आहे.

प्रोग्राम मेमरी मागतो तेव्हा विंडोज त्याला शब्द देतं, की तू वापरशील तेव्हा जागा नक्की मिळेल. दिलेल्या सगळ्या शब्दांची बेरीज म्हणजे Committed. जागा प्रत्यक्षात वापरली गेली नसली तरी शब्द मोजला जातो, हॉल बुक झाला की लग्न लागेपर्यंत तो रिकामा असला तरी दुसऱ्याला मिळत नाही तसा. कार्डावरच्या टेक्श्चरलाही उद्या बाहेर यावं लागलं तर जागा हवी असते, त्यामुळे त्यांचा भारही या खात्यावर पडतो. या शब्दांची कमाल मर्यादा म्हणजे रॅम आणि पेजफाइल यांची बेरीज. पेजफाइल म्हणजे रॅम अपुरी पडली तर माल उतरवायला डिस्कवर राखून ठेवलेली फाइल. कमाल मर्यादा १५.८ म्हणजे जवळजवळ फक्त रॅमच दिसत होती. याचा अर्थ पेजफाइल बंद होती. विचारलं तेव्हा कळलं, एका व्हिडिओत ‘खेळ वेगवान करण्याच्या युक्त्या’ सांगितल्या होत्या आणि त्यात पेजफाइल बंद करा असं होतं.

ही युक्ती मी ठामपणे चुकीची मानतो. पेजफाइल असल्याने खेळ हळू होत नाही. रॅममध्ये जागा असेपर्यंत विंडोज तिच्याकडे फारसं वळतही नाही. पण ती नसली की शब्द द्यायची कुवत घटते. मग खेळ पुढचं टेक्श्चर तयार करायला जागा मागतो, विंडोज नाही म्हणतं आणि खेळाच्या हातात टेक्श्चरऐवजी रिकामी चिठ्ठी येते. स्कायरिमचा कोड ती चिठ्ठी तपासत नाही, सरळ उघडायला जातो आणि तिथेच कोसळतो. म्हणून कुठला संदेश येत नाही. खेळाच्या १.५.९७ या आवृत्तीत अशा वेळी क्रॅश लॉगमध्ये `SkyrimSE.exe+D6DDDA` हा पत्ता दिसतो. मॉड करणाऱ्यांच्या जगात तो तापाच्या पुरळासारखा ओळखीचा आहे. विंडोजच्या Event Viewer मध्येही Resource-Exhaustion-Detector या नावाने, २००४ क्रमांकाची नोंद सापडू शकते. आम्हाला ती सापडली, आणि तिची वेळ खेळ बंद पडल्याच्या मिनिटाशी जुळली.

आम्ही एसएसडीवर पेजफाइल चालू केली आणि तिचं सुरुवातीचं माप २०४८० एमबी ठेवलं, म्हणजे २० जीबी. मोठ्या मॉड-संचांबरोबर साधारण एवढंच सुचवलेलं असतं. लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि बाजारात अर्धा तास फिरलो. खेळ एकदाही पडला नाही. अडखळणं मात्र तसंच राहिलं आणि ते राहणारच होतं, कारण पेजफाइल वाढवून कार्डाची मेमरी वाढत नाही. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच, जड टेक्श्चर. पण एक रोग कार्डाच्या दारात होता आणि दुसरा विंडोजच्या खात्यात.

हे वेगळं करून पाहण्याची सवय या खेळाच्या जुन्या खेळाडूंना ठेच लागून लागली आहे. मूळ स्कायरिम ३२-बिट होतं. अशा प्रोग्रामला मेमरीतले पत्तेच मुळात ४ जीबीपुरते लिहिता येतात, आणि खास परवानगीची खूण नसेल तर विंडोज त्यातले २ जीबीच वापरू देतं. सुरुवातीला ही खूण नव्हती. डिसेंबर २०११ मध्ये बेथेस्डाने ती दिली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये स्वतःचा हाय-रेझोल्यूशन टेक्श्चर पॅक पीसीवाल्यांना फुकट दिला. लोकांनी तो आनंदाने टाकला, वर इतरांचे पॅक चढवले आणि खेळ तीन जीबीच्या थोडं पुढे गेला की पडू लागला. गंमत अशी की कार्डात जागा शिल्लक असायची. कारण होतं डायरेक्टएक्स ९. कार्डातला माल हरवला तर परत भरता यावा म्हणून तो खेळ टेक्श्चरची एक प्रत रॅममध्येही बाळगत असे. कार्डासाठी आणलेलं प्रत्येक मोठं चित्र खेळाच्या त्या चार जीबीच्या वहीतही पानं अडवून बसायचं. बोरिस व्होरोन्त्सोव्ह या रशियन प्रोग्रामरने ‘ईएनबूस्ट’मध्ये यावर सुंदर तोड काढली. ती प्रत त्याने खेळाच्या वहीतून काढून `enbhost.exe` नावाच्या वेगळ्या प्रोग्रामच्या वहीत ठेवली.

त्याच सुमारास, २०१४ मध्ये, शेसन या नावाने वावरणाऱ्या मॉडरने दाखवून दिलं की कित्येक क्रॅशचा टेक्श्चरशी संबंधच नव्हता. खेळ स्वतःच्या कामासाठी २५६ एमबीचा एक गठ्ठा घेत होता आणि तो भरला की दुसरा मिळवताना अडकत होता. पहिला गठ्ठा मोठा मागितला की अनेकांचा खेळ सावरला. लोक दोन वर्षं निष्पाप टेक्श्चर काढून टाकत होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेली स्पेशल एडिशन ६४-बिट आणि डायरेक्टएक्स ११ वर होती. त्यामुळे पत्त्यांची ती भिंत गेली. मात्र भिंत गेली म्हणजे मर्यादा गेली, असा समज पसरला आणि फोर-केचा सुकाळ झाला. भाचा त्याच सुकाळातला.

आता टेक्श्चर उतरवायची पाळी आली. भाच्याला भीती होती की सगळं पुसट दिसेल. त्याचा पडदा १९२० ठिपके रुंदीचा आहे. मी त्याला खानावळीत उभं केलं आणि टेबलावरचा पेला पडद्यावर किती रुंद दिसतो ते मोजायला लावलं. दोनशे ठिपकेही नव्हता. दोनशे ठिपक्यांच्या पेल्यासाठी कार्ड उतरंडीतून २५६ किंवा ५१२ मापाची प्रत उचलतं. ४०९६ मापाचं मोठं मडकं ते उघडतही नाही, तरी ते पूर्ण मेमरीत बसलेलं असतं. पेल्याला फोर-के देणं म्हणजे पाऊण जागा अशा गोष्टीला देणं जी डोळ्यांना कधी दिसणारच नाही.

उलट पायाखालची जमीन पाहा. एकच चित्र फरशीसारखं पुन्हा पुन्हा मांडलेलं असतं, नजरेच्या अगदी जवळ असतं, निम्मा पडदा व्यापतं आणि सबंध प्रदेशात तेच वापरलं जातं. तिथे टू-के सार्थकी लागतं. डोंगरांचे कडे अंगाने प्रचंड असतात आणि थोडीच चित्रं सगळीकडे ताणून वापरलेली असतात, त्यामुळे तिथे एखादं फोर-केही परवडतं. आम्ही ठरवलं ते असं: डोंगर फोर-के, जमीन, भिंती, चिलखतं आणि चेहरे टू-के, भाजीपाला, भांडी, टोपल्या, पुस्तकं वन-के.

बहुतेक पॅकचे कर्ते वन-के, टू-के आणि फोर-के अशा तिन्ही आवृत्त्या देतात. तशी आवृत्ती असेल तर तीच उतरवावी, कारण तिचं माप मूळ चित्रावरून काढलेलं असतं. नसेल तेव्हा आपण स्वतः बारीक करायचं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं टेक्सकॉन्व्ह हे फुकट साधन आहे.

```
texconv -w 1024 -h 1024 -m 0 -f BC7_UNORM -y -o D:\lahan tankard01.dds
```

`-m 0` म्हणजे पूर्ण उतरंड तयार कर. हे विसरू नका. उतरंड नसलेली फाइल मेमरी थोडी वाचवते, पण दूरची वस्तू चमचमायला लागते. `-o` पुढचा फोल्डर नेहमी वेगळा द्या, मूळ फाइलीवर लिहू नका. दाबलेलं चित्र पुन्हा पुन्हा दाबलं तर दर वेळी थोडं बिघडतं, म्हणून प्रत कायम मुळावरूनच काढायची. आणि चित्र चौरस नसेल, म्हणजे ४०९६ बाय २०४८ असेल, तर दोन्ही मापं त्याच प्रमाणात द्या. आम्ही पहिल्या रात्री सगळ्या फोल्डरला एकच माप लावलं आणि एका झेंड्याचं चित्र चौरस होऊन बसलं. खेळात ते झेंड्यावर ताणून बसतंच, म्हणून चूक लगेच दिसत नाही. तपशील मात्र एका दिशेने फुकट जातो आणि दुसऱ्या दिशेने कमी पडतो.

दुसऱ्या संध्याकाळी बाजारात उभं राहिल्यावर Dedicated GPU memory ३.३ च्या आसपास थांबली, Shared चढली नाही आणि मान वळवताना खेळ अडखळला नाही. भाच्याने आधी आणि नंतर काढलेले फोटो शेजारी ठेवून पाहिले. भाजीच्या टोपलीजवळ नाक नेल्याशिवाय त्याला फरक दाखवता आला नाही.

एका घराच्या तळघरात मात्र खेळ अजून पडत होता. दर वेळी तिथेच, आणि लॉगमध्ये तोच D6DDDA चा पत्ता. मेमरीचे सगळे आकडे निवांत होते. मेमरी संपल्याने होणारा क्रॅश जागा बदलतो. कधी पाच मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी येतो आणि आधी आकडे चढलेले दिसतात. खराब फाइलीचा क्रॅश खुंटीला बांधल्यासारखा एकाच जागी असतो. टेक्श्चर तयार होऊ शकलं नाही एवढंच तो पत्ता सांगतो, ते जागेअभावी की फाइल फुटकी म्हणून, हे सांगत नाही. लॉगमध्ये खाली एका गालिच्याच्या फाइलीचं नाव होतं. ती अर्धवट उलगडलेली निघाली. पॅक पुन्हा उतरवला आणि प्रश्न मिटला. फाइल मुळात नसेल तर स्कायरिम पडत नाही, ती वस्तू जांभळी दाखवतं. तीही खूण ओळखीची असू द्या.

भाच्याने शेवटी विचारलं, “मग नवे खेळ चार जीबीवर पडत का नाहीत?” त्याचं उत्तर टेक्श्चर स्ट्रीमिंग. स्कायरिम खेळाडूभोवतीचे पाच बाय पाच म्हणजे २५ चौकोन पूर्ण भरून ठेवतं आणि त्यातल्या वस्तूंची टेक्श्चर अख्ख्या उतरंडीसह घेतं. `uGridsToLoad` हा आकडा ५ वरून ७ केला की चौकोन ४९ होतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. म्हणून तो वाढवू नये. स्ट्रीमिंग करणारं इंजिन उतरंडीतली छोटी मडकी कायम जवळ ठेवतं आणि मोठं मडकं वस्तू जवळ आल्यावरच डिस्कवरून आणतं, तेही एका ठरलेल्या हौदात मावेल एवढंच. अनरियल इंजिनमध्ये त्या हौदाचं माप `r.Streaming.PoolSize` या आकड्याने ठरतं. हौद अपुरा पडला तर खेळ पडत नाही, समोरची भिंत क्षणभर किंवा कायमची पुसट राहते. अशा खेळात मोठं टेक्श्चर टाकूनही चित्र पुसटच राहिलं, तर फाइलीला दोष देऊ नये, हौद भरलाय असं समजावं. तो हौद कार्डाच्या मेमरीपेक्षा मोठा करायला गेलं की पुन्हा भाच्याच्या बाजारातलं पहिलं दुखणं सुरू होतं. २०२० च्या ‘डूम इटर्नल’ने हा हिशेब सेटिंगच्या पानावरच मांडला होता. निवडलेल्या गोष्टींना किती व्हिडिओ मेमरी लागेल ते वर दिसायचं आणि कार्डात मावत नसेल तर तो ते लागू करू द्यायचा नाही. असं पान प्रत्येक खेळात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या घरी खेळ पडत असेल तर कार्डाच्या दुकानात जाण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा: Dedicated, Shared आणि Committed. एकदा गावाबाहेर आणि एकदा बाजारात. पेजफाइल चालू आहे का ते पाहा. मग पेल्यांपासून सुरुवात करून टेक्श्चर एकेक पायरी उतरवा आणि प्रत्येक पायरीनंतर तेच तीन आकडे पुन्हा लिहा. भाच्याचं जुनं कार्ड त्याच लॅपटॉपमध्ये आहे आणि डोंगर अजून फोर-केच आहेत.